‘लाइन बंद होती’ म्हणजे नेमकं काय बंद होतं? शॉकचा रिपोर्ट लिहिताना

प्रश्न: आमच्या ठेक्यातल्या पोराला काल डीपीवर काम करताना शॉक बसला. खाली पडला नाही, आता बरा आहे. साहेब म्हणाले रिपोर्ट दे, त्यात लाइन बंद होती का अन् सेफ्टीचं सामान वापरलं का ते लिही. ठेकेदार म्हणतो, ‘लाइन बंद होती, सामान वापरलं’ असं लिहून मोकळा हो. पोराच्या एका हातात मोजा नव्हता. काय लिहू?

पोराला अजून दवाखान्यात नेलं नसेल तर रिपोर्ट बाजूला ठेवा अन् आधी त्याला न्या. करंट एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून निघाला असेल तर तो छातीतून गेलेला असतो. हृदयाचे ठोके बिघडलेत की नाही हे माणूस चहा पिताना पाहून कळत नाही, त्याला ईसीजी लागतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना एवढं नक्की सांगा: लाइन कमी दाबाची एलटी होती की अकरा केव्ही, करंट कुठून शिरला आणि कुठून निघाला, तो किती वेळ चिकटून होता, शुद्ध हरपली होती का. एक-दोन दिवस लघवीचा रंगही पाहायला सांगा. काळ्या चहासारखी आली तर स्नायू आतून भाजलेत आणि त्याचा भार किडनीवर येतोय असं समजायचं आणि तसंच उठून परत न्यायचं. कातडीवर ज्वारीच्या दाण्याएवढा डाग आणि आत बरंच काही, असं विजेच्या भाजण्यात होतं. केसपेपरची झेरॉक्स काढून ठेवा, ती रिपोर्टला जोडायची आहे.

आता ठेकेदाराच्या वाक्याकडे येऊ. त्यातली अडचण तुमच्याही लक्षात आली असेल. लाइन खरोखर बंद होती आणि सामान खरोखर वापरलं होतं, तर शॉक आला कुठून? वाचणाऱ्याला पहिली शंका हीच येते आणि मग तो तुमच्या रिपोर्टातलं दुसरं काहीच खरं धरत नाही.

हा रिपोर्ट नुसता साहेबांच्या फायलीसाठी नसतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विजेच्या अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते. त्यात माणूस दगावला तरच, असं नाही. नुसती इजा झाली तरी, आणि इजा होऊ शकली असती अशी घटना असली तरीही. त्याखालच्या २००५ च्या नियमांत ‘नमुना अ’ आहे. तो लेखी अहवाल अपघात कळल्यापासून ४८ तासांत जायला हवा. माणूस गेला असेल तर पहिली खबर २४ तासांच्या आत. तो नमुना पाठवायची जबाबदारी लाइन ज्याची आहे त्याची, तुमची नाही. पण त्यात जे भरलं जाणार ते तुमच्याच कागदावरून. त्या नमुन्यात थेट विचारलंय: परमिट घेतलं होतं का, काम करायचा भाग स्विच उघडून वेगळा केला होता का, कामाच्या जागी लाइन अर्थ केली होती का, कोणतं संरक्षक साहित्य दिलं होतं आणि कोणतं वापरलं होतं. बघा, ‘लाइन बंद होती का’ असा प्रश्न त्यात कुठेच नाही. प्रश्न आहेत ते माणसांनी हाताने केलेल्या कामांचे.

हा फरक मला कसा कळला ते सांगतो.

पुसदच्या बाजूला असतानाची गोष्ट. हिवाळा होता, हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस. शेतीच्या फीडरवर ६३ केव्हीएची एक डीपी होती आणि तिच्या पेटीतली एका फेजची लग जळाली होती. तंत्रज्ञ अनुभवी, कामाला नीट. त्याने सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करून फीडर सात-आठ मिनिटं बंद घेतला, डीपीकडे येणारी अकरा केव्हीची लाइन तोडणारा एबी स्विच उघडला आणि फीडर परत चालू करायला सांगितला. बाकीच्या डीप्यांवरच्या शेतकऱ्यांचं पाणी कशाला थांबवायचं, हा त्याचा विचार. खालून मान वर करून तिन्ही पाती उघडलेली पाहिली. मग पेटी उघडली, किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून ठेवल्या आणि त्यांच्या वरच्या बाजूला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या टोकांना टेस्टर लावला. काही नाही. मग खालच्या बाजूची, शेताकडे जाणाऱ्या केबलची लग सोडायला घेतली. डावं कोपर पेटीच्या पत्र्यावर टेकलेलं, उजव्या हातात पाना. पाना नटाला लागला आणि तो मागे फेकला गेला.

रिपोर्ट आला: ‘एबी स्विच उघडून लाइन बंद केली होती. तरी तंत्रज्ञास सौम्य झटका बसला. बहुधा इंडक्शन असावे.’ आपल्याकडे इंडक्शन हा शब्द फार उपयोगी पडतो, ज्याचं कारण सापडत नाही ते सगळं त्याच्या खाती टाकता येतं. मी तेव्हा नवा होतो. मीही ते वाचून सही करून पुढे पाठवलं.

दोन दिवसांनी त्याच लाइनवर दुसरा लाइनमन तुटलेली तार ओढायला गेला. एबी उघडला होता, पण त्याने तारेला हात लावायच्या आधी तारेलाच टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. मग आम्ही एकेक शेत करत लाइनच्या शेवटापर्यंत गेलो. एका विहिरीवर सापडलं. आपल्या डीपीवर एक फेज नाही म्हणून त्या शेतकऱ्याने शेजारच्या डीपीवरून तीन वायरी ओढल्या होत्या आणि स्टार्टरच्या आधी जोडल्या होत्या. आपली जुनी सर्व्हिस वायर मात्र काढली नव्हती. शेजारच्या डीपीची वीज त्याच्या पेटीत येत होती आणि जुन्या वायरीतून मागे आमच्या लाइनवर, तिथून डीपीच्या पेटीच्या खालच्या टोकापर्यंत पोचत होती. वरून लाइन मेलेली होती, खालून जिवंत. किटकॅट काढलेल्या नसत्या तर तीच वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढली असती आणि वरच्या बुशिंगवर अकरा हजार व्होल्ट उभे राहिले असते, तेही एबी उघडा दिसत असताना.

त्या शेतकऱ्याला मी दोष देऊ शकत नाही, उभं पीक वाळत होतं त्याचं. पण आमच्या रिपोर्टात ‘लाइन बंद’च्या जागी ‘वरच्या बाजूला तपासली, खालच्या बाजूला तपासली नाही’ एवढं असतं, तर त्याच संध्याकाळी आम्ही ती वायर शोधत फिरलो असतो. दुसऱ्या लाइनमनचा जीव त्याच्या सवयीमुळे वाचला, आमच्या कागदामुळे नाही.

तेव्हा तुम्ही लिहिताना एकेक काम वेगळं लिहा. कोणता स्विच उघडला, कुणी, किती वाजता. फीडर बंद घेतला असेल तर ऑपरेटरशी बोलणं किती वाजता झालं, परमिट नंबर मिळाला का. सबस्टेशनच्या लॉगशीटमध्ये ती वेळ असतेच. तुमची आणि तिची वेळ जुळायला हवी आणि मोबाइलमधला कॉलही तपासा. पाती डोळ्यांनी पाहिली का? दांडा खाली आला म्हणजे पाती सुटली असं नसतं. पाइपचा क्लॅम्प ढिला असला की दांडा फिरतो आणि एखादं पातं जागेवरच राहतं. वर काम असेल तर जीव जायला तेवढं एक पातं पुरतं.

त्यानंतर तपासणी. कशाने केली, कुठे केली, कुठे केली नाही. निऑनचा टेस्टर भर उन्हात पेटला तरी दिसत नाही, त्यामुळे ‘टेस्टरने पाहिलं’ याच्यासोबत वेळ आणि ऊन-सावलीलाही महत्त्व असतं. टेस्टर आधी चालू लाइनवर लावून पाहिला होता का, हेही विचारा, कारण बिघडलेला टेस्टर सगळ्याच लाइनी बंद दाखवतो. आमच्यात जुनी माणसं सिरीजमधले दोन बल्ब घेऊन फिरायची, ती उगाच नाही.

आणि अर्थिंग. एलटीच्या कामात हे बहुतेक वेळा झालेलंच नसतं. नसेल तर सरळ ‘अर्थिंग केलं नव्हतं’ असं लिहा. आमच्या प्रसंगात खालच्या बाजूच्या तिन्ही फेज न्यूट्रलसह एकत्र बांधून अर्थ केल्या असत्या, तर शेजारच्या डीपीचा फ्यूज उडाला असता आणि तिथेच कळलं असतं की वीज कुठून तरी येतेय. नमुना अ मध्ये तो प्रश्न उगाच घातलेला नाही.

एक गोष्ट आपल्या भागापुरती. शेतीच्या फीडरला वेळापत्रक असतं, दिवसा आठ तास नाहीतर रात्री. बऱ्याच वेळा पोरं फीडर गेलेला पाहून कामाला चढतात आणि मग ‘लाइन बंद होती’ असं सांगतात. ती बंद नव्हती, ती गेली होती. ती परत आणण्याचा हक्क दुसऱ्याच्या हातात होता. तुमच्या प्रकरणात असं काही असेल तर शब्द तसेच वापरा: ‘वेळापत्रकानुसार पुरवठा नव्हता, एबी उघडला नव्हता.’ त्यातच गावठाणाची लाइन त्याच खांबावरून गेली असेल तर तीही लिहा. शेती बंद असते तेव्हा गावठाण बहुधा चालू असतं. गावात कुणाकडे जनरेटर असेल, पिठाच्या गिरणीवर किंवा लग्नाच्या मांडवात, तर तेही पाहून या. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घरातल्या प्लगमध्ये खुपसून आख्खी गल्ली उजळणारे महाभाग मी पाहिलेत.

आता मोज्याचं. तुम्हाला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते आहे, हे प्रश्नावरून कळतं. इथेही ‘वापरलं’ किंवा ‘नाही वापरलं’ असं एका शब्दात संपवू नका. साहित्य दिलं होतं का, दिलं असेल तर कधी आणि कोणत्या रजिस्टरवर सही आहे, कामाच्या जागी होतं की गाडीच्या डिकीत, शॉक बसला त्या क्षणी अंगावर काय होतं, आणि जे होतं ते कोणत्या अवस्थेत होतं, हे पाच वेगळे प्रश्न आहेत. शेवटचे दोन नेहमी राहून जातात.

मोजे आत्ताच हातात घ्या आणि तपासा. मनगटावर त्यांचा क्लास छापलेला असतो. क्लास ० म्हणजे १००० व्होल्टपर्यंत, एलटीला चालतो. अकरा केव्हीला क्लास २ लागतो, १७,००० व्होल्टपर्यंतचा. छापच पुसला असेल तर ‘छाप वाचता येत नाही’ असं लिहा. मग मनगटाकडून मोजा घट्ट गुंडाळत या, आत हवा कोंडेल, बोटं फुगतील. ते गालाजवळ धरून दाबा. कुठून बारीक हवा आली तर तिथे भोक आहे. तळव्याला घड्या पडून पांढऱ्या रेघा आल्या असतील तर ताणून बघा, रबर तिथेच चिरतं. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. सुती विणलेले किंवा चामड्याचे कामाचे मोजे असतील तर तसं लिहा, ते विजेपासून वाचवत नाहीत. पान्याच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळली असेल तर तो इन्सुलेटेड पाना होत नाही.

एका हातात मोजा का नव्हता ते पोराला शांतपणे विचारा आणि त्याच्या शब्दांत लिहा. आमच्या तंत्रज्ञाला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “साहेब, मोज्यानं नट धरता येत नाही जी. दोनदा खाली पडला, गवतात शोधून आणला. मग काढला.” हे खरं कारण होतं. जाड मोज्यात दहा नंबरचा नट सापडत नाही आणि ज्याने कधी पेटीत हात घातला त्यालाच ते कळतं. रिपोर्टात ‘निष्काळजीपणामुळे मोजा घातला नाही’ असं लिहिलं की चौकशी तिथेच थांबते. ‘लहान नट सोडताना पकड येत नसल्याने उजवा मोजा काढला’ असं लिहिलं की पुढच्या वेळी इन्सुलेटेड बॉक्सपाना मागवायला आधार मिळतो.

आता ठेकेदाराच्या मनातली गोष्ट. त्याला वाटतं, मोजा नव्हता असं लिहिलं तर सगळं पोरावर येईल किंवा त्याच्यावर. पोराची बाजू आधी. कर्मचारी नुकसान भरपाई कायदा १९२३ चा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने घेतली आणि ठेक्यावरचा कामगार तिच्यातही बसतो. मालकाची सुटका होते ती कामगाराने सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला असेल तर, किंवा सुरक्षेसाठी दिलेलं साधन मुद्दाम काढलं वा वापरलं नसेल तर. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तोही बचाव चालत नाही. मोजा चिरलेला होता किंवा मोज्यात काम होत नव्हतं, हे लिहिलेलं पोराच्या बाजूचं आहे, विरुद्ध नाही. उलट ‘सगळं सामान वापरलं होतं’ असं तुम्ही लिहिलंत आणि महिन्याभराने त्याचा हात बधिर राहिला, तर ठेकेदार त्याच कागदाचा आधार घेऊन म्हणेल, मग याने स्वतःच काही तरी चुकीचं केलं असणार. ठेकेदाराला एवढंच सांगा की खोटा रिपोर्ट एबीच्या फोटोने आणि लॉगशीटने अर्ध्या तासात उघडा पडतो.

मजकूर साधारण असा ठेवा. माझ्या जुन्या प्रसंगातले तपशील घालून दाखवतो, तुम्ही तुमचे घाला.

‘दि. … रोजी दुपारी ३.१० वा. … शिवारातील ६३ केव्हीए डीपीच्या एलटी पेटीत बी फेजची जळालेली लग बदलताना तंत्रज्ञ … यांना विजेचा झटका बसला. २.४० वा. ऑपरेटरला फोन करून फीडर बंद घेतला, २.४४ वा. एबी स्विच उघडला, तिन्ही पाती उघडी असल्याचे तंत्रज्ञ व मदतनीस दोघांनी खालून पाहिले. २.४८ वा. फीडर पुन्हा चालू करण्यात आला. लेखी परमिट घेतले नव्हते. किटकॅट काढून वरच्या टोकांना निऑन टेस्टरने तपासले, वीज आढळली नाही. खालच्या बाजूच्या केबलची टोके तपासली नव्हती. अर्थिंग केले नव्हते. झटका खालच्या बाजूच्या नटाला पाना लागताच बसला. उजव्या हातात मोजा नव्हता, डाव्या हातात क्लास ० चा रबरी मोजा होता. डावे कोपर पेटीच्या पत्र्यास टेकलेले होते. पायात चपला होत्या, जमीन ओली होती. मोजा काढण्याचे कारण तंत्रज्ञाच्या शब्दांत सोबत जोडले आहे. करंट अंदाजे उजव्या हातातून डाव्या कोपरात. शुद्ध हरपली नाही. कृत्रिम श्वास देण्याची गरज पडली नाही. ३.५० वा. ग्रामीण रुग्णालयात दाखल, ईसीजी काढला, केसपेपर सोबत. खालच्या बाजूला वीज कुठून आली हे अद्याप कळलेले नाही. कळेपर्यंत या एलटी लाइनवर अर्थिंगशिवाय काम न करण्याची सूचना सर्व तंत्रज्ञांना दिली आहे.’

शेवटून दुसरं वाक्य लिहायला लोक कचरतात. साहेब विचारतील, मग तू कशाला गेला होतास? विचारू द्या. कारण माहीत नसताना ‘इंडक्शन’ लिहिण्यापेक्षा ते बरं, आणि त्याच्यामुळेच कुणी तरी लाइन चालून पाहतो.

हे सगळं लिहायला वेळ फार नाही. काल शॉक बसला म्हणता, म्हणजे ४८ तासांतला एक दिवस गेलाच. डीपी तुम्ही कालच दुरुस्त करून चालू केली असेल, शेतकरी डोक्यावर उभे असतात, थांबता येत नाही हे मला माहीत आहे. तरी जळालेली लग, काढलेल्या किटकॅट आणि ते मोजे फेकू नका, एका पिशवीत घालून वर तारीख टाकून ऑफिसात ठेवा. मदतनिसाचा जबाब वेगळा घ्या, पोराच्या समोर नको, म्हणजे दोघांच्या आठवणी एकमेकांत मिसळत नाहीत. रिपोर्ट उपविभागात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या, आणि त्याची एक झेरॉक्स पोराच्या घरी पोचवा.